बुडालेले बी आणि तरंगलेले बी

ही पुस्तिका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातल्या प्रयोगांविषयी आहे, पण प्रयोग कसा मांडावा हे ती सांगत नाही. मुलांनी लिहिलेला प्रयोगाचा आराखडा समोर आला की शिक्षकाने किंवा परीक्षकाने तो कसा वाचावा, एवढाच तिचा विषय आहे. हे वाचन प्रयोग सुरू होण्याआधी व्हायला हवे, असे माझे म्हणणे आहे. आपल्याकडे ते बहुधा प्रदर्शनाच्या दिवशी होते. तोवर तक्ते रंगलेले असतात, आकडे ठरलेले असतात आणि परीक्षकाच्या हाती 'छान' किंवा 'आणखी वाव आहे' म्हणण्याखेरीज काही उरत नाही. निष्कर्ष लिहिताना मुले खोटे बोलत नसतात. आराखड्यात राहून गेलेली फट त्यांना दिसलेली नसते, म्हणून प्रामाणिकपणे लिहिलेले वाक्यही चुकीचे ठरते. ही फट कुठे असते आणि ती कशी ओळखावी, हे एकाच प्रयोगाच्या आधाराने पाहू. उदाहरण मावळातले आहे आणि ते भाताच्या बियाण्याचे आहे.

वडगाव मावळला भात संशोधन केंद्र आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या या केंद्रातून १९८७ मध्ये इंद्रायणी हा वाण शेतकऱ्यांसाठी प्रसारित झाला. आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून तो तयार झाला, आणि आज पवना व इंद्रायणीच्या खोऱ्यांत भात म्हटले की तोच डोळ्यांसमोर येतो. जूनच्या तोंडावर रोपवाटिकेत बी टाकण्याआधी त्याला मिठाच्या पाण्याची प्रक्रिया करावी, अशी कृषी खात्याची जुनी शिफारस आहे. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवायचे, बी त्यात ओतून ढवळायचे, वर तरंगणारे पोचट आणि रोगट दाणे काढून टाकायचे, तळाशी बसलेले बी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवायचे. मीठ घरात असते, बी घरात असते आणि निकाल आठवड्या-दोन आठवड्यांत दिसतो. मावळातल्या एखाद्या शाळेतल्या मुलांनी यावर प्रयोग करायचा म्हटले तर त्याहून सोयीचा विषय सापडणे कठीण आहे.

असा आराखडा पहिल्या फेरीत साधारण पुढीलप्रमाणे लिहिला जातो. उद्देश : मिठाच्या पाण्याची प्रक्रिया भातासाठी फायदेशीर आहे हे सिद्ध करणे. कृती : एका पेल्यातल्या ओल्या कापसावर मिठाच्या पाण्यात तळाशी बसलेले दहा दाणे ठेवायचे, दुसऱ्या पेल्यात पोत्यातले साधे दहा दाणे ठेवायचे आणि पाच दिवसांनी मोजायचे. समजा, पहिल्या पेल्यात नऊ उगवले आणि दुसऱ्यात सात. निष्कर्ष : मिठाच्या प्रक्रियेने भाताचे उत्पादन वाढते. या चार ओळींत तपासणाऱ्याला हवे ते सगळे आहे, म्हणून त्या सावकाश वाचू.

सुरुवात 'सिद्ध करणे' या शब्दांपासून. उत्तर आधी ठरले असेल तर प्रयोग हा केवळ समारंभ उरतो. पण आक्षेप फक्त शब्दाला नाही. 'फायदेशीर' हे कशाने मोजायचे, ते आराखड्यात कुठेच लिहिलेले नाही. कोणता निकाल आला तर आपले म्हणणे चुकले असे मुले मान्य करतील, हा प्रश्न परीक्षकाने विचारून पाहावा. त्याला उत्तर नसेल तर गृहीतक अजून तयार झालेले नाही. तपासता येईल असे वाक्य असे होईल : 'या पोत्यातल्या इंद्रायणीच्या बियाण्यात, तीन टक्के मिठाच्या पाण्यात बुडालेल्या दाण्यांची उगवण न निवडलेल्या दाण्यांपेक्षा जास्त असेल.' यात वाण आहे, पोते आहे, मिठाचे प्रमाण आहे, मोजायची गोष्ट आहे, आणि उगवण सारखी किंवा कमी निघाली तर वाक्य पडेल हेही उघड आहे. मोठ्या दाव्यातून मोजता येईल असा छोटा दावा काढण्याचे काम लोणावळ्याला नवे नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये तिथे कैवल्यधाम स्थापन केले, तेव्हा योगाने आरोग्य लाभते हा दावा सर्वत्र केला जात होता. त्यांनी त्यातला एक तुकडा उचलला : नौली करताना पोटातला दाब कमी होतो का? आणि तो पाऱ्याच्या दाबमापकावर पाहिला. पारा सरकला नसता तर ते सगळ्यांना दिसले असते. नौलीचे बाकीचे गुण त्या पाऱ्याने सिद्ध होत नाहीत, हेही तितकेच खरे.

आता कृतीकडे येऊ. दोन पेल्यांत फरक फक्त निवडीचा आहे, असे मुलांना वाटते. प्रत्यक्षात पहिल्या पेल्यातले दाणे मिठाच्या पाण्यात भिजले, मग साध्या पाण्यात दोन-तीनदा धुतले गेले, मग सुकले. दुसऱ्या पेल्यातले कोरडेच राहिले. बियाण्याला पाणी लागताच उगवणीची आतली तयारी सुरू होते आणि नंतर ते वाळवले तरी ती तयारी पूर्णपणे पुसली जात नाही. म्हणजे पहिल्या पेल्याला शर्यतीत आधीच थोडी आघाडी मिळाली आहे, आणि पाचव्या दिवशी मोजले तर ती आघाडी 'चांगले बी' म्हणून नोंदली जाईल. उलट बाजूने, धुणे नीट झाले नाही तर उरलेले मीठ उगवणीला मारक ठरेल आणि चांगले बी वाईट दिसेल. त्यामुळे तुलनेसाठीचे बी कोरडे ठेवून चालणार नाही. ते त्याच मिठाच्या पाण्यात तितकाच वेळ टाकायचे, तसेच ढवळायचे, तितक्याच वेळा धुऊन त्याच सावलीत वाळवायचे. एकच गोष्ट करायची नाही : तरंगलेले दाणे बाजूला काढायचे नाहीत. 'नियंत्रित चल' हा पाठ्यपुस्तकातला शब्द मुलांना पाठ असतो. पाणी, प्रकाश, तापमान समान ठेवले असे ती लिहूनही टाकतात. पण ज्या क्रियेचा परिणाम तपासायचा आहे तिच्याबरोबर गुपचूप येणाऱ्या दुसऱ्या क्रिया कोणत्या, हे त्या यादीत क्वचितच सापडते. परीक्षकाची नजर तिथे जायला हवी.

मिठाच्या पाण्याबद्दल आणखी दोन खाचाखोचा आहेत. 'मूठभर मीठ' हे प्रमाण होत नाही. लिटरला तीस ग्रॅम तोलून घ्यावे लागते, कारण दाणा बुडणार की तरंगणार हे द्रवाच्या घनतेवर ठरते. तीन टक्क्यांचे पाणी साध्या पाण्यापेक्षा जेमतेम दोन टक्क्यांनी जड असते. ते फक्त जवळजवळ रिकामे दाणे वर आणते. जपानमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस योकोई तोकियोशी यांनी रुजवलेल्या पद्धतीत पाणी याहून खूपच खारट असते, म्हणजे सुमारे १.१३ घनतेचे. त्यात अर्धवट भरलेला दाणाही तरंगतो. म्हणून 'मिठाच्या पाण्यात निवडलेले बी' एवढेच लिहिले तर निवड किती कडक होती हे कळतच नाही. दुसरी खाच हवेची आहे. भाताचे तूस खरखरीत असते, त्याला हवेचे बुडबुडे चिकटतात आणि भरलेला दाणाही काही काळ वर राहतो. ढवळल्याशिवाय गोळा केलेल्या तरंगत्या दाण्यांत चांगले बी किती होते हे कोणालाच सांगता येणार नाही. म्हणून किती वेळ ढवळायचे आणि किती मिनिटांनी वरचा थर काढायचा, हे आराखड्यात आधी लिहिलेले असावे.

आता आकड्यांकडे. दहापैकी नऊ आणि दहापैकी सात, हा फरक डोळ्यांना मोठा वाटतो. तो योगायोगाने किती सहज येतो हे वर्गातच दाखवता येते. एका पिशवीत वीस चिंचोके घ्या. त्यांतल्या चारांवर खडूने खूण करा, हे न उगवलेले दाणे. न पाहता दहा-दहाचे दोन ढीग करा आणि दुसऱ्या ढिगात खुणेचे तीन किंवा चार आले का ते पाहा. हिशोबाने हे शंभरातून सुमारे एकोणतीस वेळा घडते. दोन्ही पेल्यांत एकाच पोत्यातले, कसलीही निवड न केलेले दाणे असते तरी दर दहा वेळांतल्या जवळपास तीन वेळा पहिल्या पेल्याने निदान एवढी बाजी मारली असती. हेच प्रमाण शंभर-शंभर दाण्यांत, म्हणजे नव्वद आणि सत्तर असे आले, तर योगायोगाने तसे होणे हजारात एकदाही कठीण. बियाणे चाचणीच्या प्रमाणित पद्धतीत शंभर-शंभरच्या चार तुकड्या, म्हणजे चारशे दाणे मोजतात आणि भाताची अखेरची मोजणी चौदाव्या दिवशी करतात, त्यामागे हीच गरज आहे. हजार दाण्यांचे वजन वीस-पंचवीस ग्रॅमच्या आसपास असते, त्यामुळे बी परवडत नाही ही सबब इथे लागू पडत नाही. वेळ आणि चिकाटी मात्र लागते.

इथपर्यंतचे बरेचसे कोणत्याही चांगल्या शिक्षकाला सुचेल. या प्रयोगातली खरी गोम पुढे आहे. सावध मुले म्हणतील की बुडालेले शंभर आणि तरंगलेले शंभर अशी तुलना करू, मग फरक झळझळीत दिसेल. दिसेलच. समजा, बुडालेल्यांतले नव्वद उगवले आणि तरंगलेल्यांतले तीस. तक्ता देखणा होईल, पण शेतकऱ्याचा प्रश्न बाजूलाच राहील. शेतकरी फक्त तरंगलेले बी कधीच पेरत नाही. त्याच्यापुढे पर्याय दोनच आहेत : निवडून पेरायचे किंवा पोत्यातले आहे तसे पेरायचे. या दोहोंतला फरक किती, हे तरंगणारे दाणे शेकडा किती निघाले यावर अवलंबून आहे, आणि तोच आकडा आराखड्यात सहसा नसतो. समजा, शंभरातले आठ तरंगले. मग न निवडलेल्या बियाण्याची उगवण ब्याण्णव दाण्यांच्या नव्वद टक्के अधिक आठ दाण्यांच्या तीस टक्के, म्हणजे पंच्याऐंशीच्या थोडी वर येते. निवडीने मिळाले ते पाच टक्क्यांहून कमी. दोनच दाणे तरंगले असतील तर फायदा जेमतेम सव्वा टक्का. साठ टक्क्यांचा फरक दाखवणारा तक्ता आणि एक-दोन टक्क्यांचा खरा फायदा, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. आराखडा तपासणाऱ्याने इथे थांबून विचारले पाहिजे : तुमची तुलना तुमच्याच प्रश्नाची आहे का?

या पाच टक्क्यांचा आणखी एक परिणाम आहे. शंभर-शंभर दाण्यांच्या दोन ट्रेमध्ये काहीही खरा फरक नसताना चार-पाच दाण्यांचे अंतर सहज पडते. म्हणजे निवडलेले आणि न निवडलेले अशी थेट तुलना शंभर दाण्यांवर केली तर खरा फायदा त्या गोंधळात हरवून जाईल, आणि चारशेंवरही तो काठावरच दिसेल. अशा वेळी मुले 'प्रक्रियेचा उपयोग नाही' असे लिहितील, आणि तेही उत्पादन वाढल्याच्या दाव्याइतकेच निराधार ठरेल. फरक दिसला नाही आणि फरक नाही, या दोन वाक्यांमध्ये मोजलेल्या दाण्यांची संख्या उभी असते. यातून एक शहाणी वाट निघते. हजार दाणे मिठाच्या पाण्यात टाकून तरंगलेले नीट मोजायचे, मग दोन्ही गटांची उगवण वेगवेगळी काढायची आणि वरचा हिशोब मांडायचा. थेट तुलनेपेक्षा कमी दाण्यांत उत्तर जास्त पक्के मिळते. न निवडलेल्या, पण त्याच पाण्यातून काढलेल्या दाण्यांचा ट्रे तरीही ठेवावा. हिशोबाने आलेला आकडा त्याच्याशी साधारण जुळला नाही, तर कुठेतरी चूक आहे हे कळते.

एवढे सगळे आठवी-नववीच्या मुलांकडून कसे व्हायचे, असा आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. पण वरच्या कृतीत तोलणे, मोजणे आणि शेकडेवारी याहून अवघड काही नाही. अवघड आहे ते आधी ठरवणे : अंकुर फुटला की उगवले म्हणायचे, की मूळ आणि कोंब दोन्ही नीट आल्यावर? कोणत्या दिवशी मोजायचे? बुरशी आलेला ट्रे धरायचा की सोडायचा? ट्रेवर फक्त अ, ब, क अशी अक्षरे लिहून मोजणी करणाऱ्या मुलाला कोणता ट्रे कोणता ते न सांगणे, हे तर खेळासारखे आहे. ट्रे खिडकीजवळ एका रांगेत मांडले तर कडेच्या ट्रेला लोणावळ्याच्या डिसेंबरातली रात्रीची थंडी जास्त लागेल. म्हणून चिठ्ठ्या टाकून जागा ठरवाव्यात. चिठ्ठ्यांची ही युक्ती रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात रुजवली. जमिनीचा कस वाफ्यावाफ्याला बदलतो आणि तो मोजून संपत नाही, ही त्यामागची अडचण होती. चिखलणी केलेले खाचर पाहिलेल्या मुलाला ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. प्रदर्शनात कौतुक होते ते चालत्या प्रतिकृतीचे. एनसीईआरटीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये कल्पकता, कारागिरी, उपयुक्तता, कमी खर्च, मांडणी यांना गुण असतात. वैज्ञानिक विचारालाही असतात, पण तो बाकीच्यांबरोबरचा एक भाग असतो. तीन ट्रे, एक वही आणि 'फायदा सव्वा टक्का' हे वाक्य घेऊन टेबलामागे उभी असलेली मुलगी शेजारच्या हायड्रॉलिक जेसीबीपुढे टिकेल का? बहुधा नाही. हे मान्य करूनही मला वाटते की परीक्षकाच्या हाती जेवढे गुण आहेत, तेवढे तरी वहीवरून द्यावेत. वहीत खोडाखोड आहे का, पेनाने लिहिलेल्या तारखा आहेत का, न जुळणारा ट्रे तसाच नोंदला आहे का, हे पाहायला दोन मिनिटे लागतात. सगळ्या ट्रेमध्ये गोल आकडे आणि एकही ट्रे इतरांपासून ढळलेला नाही, असे दिसले तर तिथे थांबून प्रश्न विचारावेत. खरी उगवण इतकी शिस्तीत येत नाही.

तिसरा आक्षेप असा की शिफारस कृषी खात्याची आहे, उत्तर ठाऊकच आहे, मग मुलांनी ते पुन्हा कशाला काढायचे? पण वरचा हिशोब पाहिला तर उत्तर ठाऊक नाही हे लक्षात येते. प्रमाणित बियाणे पिशवीत भरण्याआधी साफ केलेले असते आणि त्याला किमान ऐंशी टक्के उगवणीची अट असते. त्यातून तरंगणारे दाणे थोडेच निघतील अशी अपेक्षा आहे, आणि मग निवडीचा फायदाही थोडाच असेल. घरी राखलेल्या बियाण्यात, विशेषतः फुलोऱ्याच्या वेळी पाऊस लागून दाणे नीट न भरलेल्या वर्षी, तो बराच असू शकेल. म्हणजे एकाच गावातल्या दोन घरांत उत्तर वेगळे निघू शकते. मुलांनी चार-पाच घरांतले बी आणून फक्त तरंगण्याचे प्रमाण मोजले तरी गावाला आजवर न मिळालेली माहिती हाती येईल. त्यातही एक सावधगिरी हवी. प्रदर्शने बहुधा हिवाळ्यात असतात, तेव्हा घरात नुकतेच कापलेले भात असते आणि काही वाणांचे ताजे बी काही आठवडे सुप्तावस्थेत राहते. भरलेले, निरोगी दाणेही तेव्हा उगवत नाहीत. हा प्रयोग गेल्या वर्षीच्या बियाण्यावर करावा, किंवा काढणीची तारीख वहीत लिहावी.

राहिला निष्कर्ष. 'उत्पादन वाढते' हे वाक्य ट्रेमधल्या अंकुरावरून निघत नाही. मधे राब आहे, आवणी आहे, जुलैचा पाऊस आहे, करपा आहे, आणि काही बी उगवणार नाही हे धरून शेतकरी मुळातच थोडे जास्त बी टाकतो. वरच्याच कल्पित आकड्यांवर या प्रयोगाचा निष्कर्ष लिहायचा तर तो असा होईल : 'एका घरातल्या गेल्या वर्षीच्या इंद्रायणी बियाण्यातले शंभरातले आठ दाणे तीन टक्के मिठाच्या पाण्यात तरंगले. बुडालेल्यांपैकी नव्वद टक्के व तरंगलेल्यांपैकी तीस टक्के दाणे चौदा दिवसांत उगवले. यावरून या पोत्यापुरता निवडीचा फायदा पाच टक्क्यांच्या आत आहे. रोपवाटिकेत आणि शेतात काय होईल हे आम्ही तपासलेले नाही. दुसऱ्या ट्रेला तिसऱ्या दिवशी बुरशी आली, तरी तो मोजणीत धरला आहे.' पुढच्या पानांवर असेच आणखी आराखडे आहेत. प्रत्येक आराखडा बी भिजण्याआधीच्या अवस्थेत, मुलांनी जसा लिहावा तसा दिला आहे. शेजारचा समास परीक्षकाच्या पेन्सिलीसाठी मोकळा सोडला आहे.